पिंपातील किल्ली : अभिरुचीच्या न्यायाची एक कथा

एकाला चहा गोड लागतो, दुसऱ्याला कमी साखरेचा आवडतो. यावरून कोणी वाद घालीत नाही. ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ असे म्हणून माणसे आपापला पेला उचलतात. परंतु एखादे काव्य सुंदर आहे असे म्हणणारा मनुष्य इतक्यावर समाधान मानीत नाही. ऐकणाऱ्यालाही ते सुंदर वाटावे अशी त्याची अपेक्षा असते, आणि तसे न वाटल्यास त्याला नुसते आश्चर्य वाटत नाही, तर ऐकणाऱ्याचे काहीतरी चुकते आहे असे वाटते. आवड तर ज्याची त्याची. मग ही अपेक्षा कोणत्या अधिकाराने धरावयाची? अठराव्या शतकात युरोपातील दोन तत्त्वज्ञांनी या कोड्याचा जो विचार केला, तो आजही जुना झालेला नाही.

त्यांपैकी पहिला स्कॉटलंडचा डेव्हिड ह्यूम. अभिरुचीच्या प्रमाणाविषयीचा त्याचा निबंध १७५७ साली प्रसिद्ध झाला, आणि तोही काहीशा योगायोगाने. आत्महत्या व आत्म्याचे अमरत्व या विषयांवरील त्याचे दोन निबंध छापून तयार होते. पण गहजब होईल या भीतीने ते ग्रंथातून काढून टाकण्यात आले. रिकाम्या झालेल्या जागी ह्यूमने हा नवा निबंध लिहून दिला. भरतीसाठी लिहिलेला हा मजकूर सौंदर्यशास्त्राच्या इतिहासात मूळ ग्रंथापेक्षाही अधिक वाचला गेला.

ह्यूमने आरंभीच दाखवून दिले की, या बाबतीत व्यवहारी शहाणपण दोन तोंडांनी बोलते. एका तोंडाने ते म्हणते की, ज्याला जे वाटते ते खरेच वाटते. भावनेला खोटे कसे ठरवावयाचे? दुसऱ्या तोंडाने तेच शहाणपण म्हणते की, ओगिल्बी हा सामान्य पद्यकार मिल्टनच्या तोडीचा आहे, किंवा बनियन हा ॲडिसनच्या तोडीचा आहे, असे म्हणणारा मनुष्य हास्यास्पद होय. बिळाच्या तोंडाशी साचलेला मातीचा ढीग तेनेरीफच्या पर्वताएवढा उंच आहे असे म्हणण्यासारखेच ते झाले. ही नावे लक्षात ठेवावीत; पुढे त्यांच्याशी काम आहे.

या पेचातून वाट काढण्यासाठी ह्यूमने सर्व्हांतीसच्या ‘डॉन किहोते’मधील एक गोष्ट घेतली. सांचो पांझाच्या दोघा नातलगांना एका पिंपातील मद्याची परीक्षा करावयास सांगण्यात आले. एक म्हणाला, मद्य उत्तम आहे. मात्र त्याला किंचित चामड्याचा वास येतो. दुसरा म्हणाला, उत्तमच; पण त्याला लोखंडाची चव आहे. जमलेली मंडळी दोघांनाही हसली. पुढे पिंप रिकामे झाले, तेव्हा तळाशी चामड्याच्या वादीत ओवलेली एक जुनी किल्ली सापडली!

तात्पर्य, चव जिभेवर असली तरी चवीचे कारण पिंपात होते. इतरांच्या जिभा बोथट होत्या, एवढेच. काव्यातील सूक्ष्म गुणदोष टिपणारी संवेदनाही अशीच थोड्यांजवळ असते. ह्यूमच्या मते खऱ्या परीक्षकाला पाच गोष्टी लागतात : समंजस बुद्धी, नाजूक संवेदना, सराव, अनेक कृतींची तुलना आणि पूर्वग्रहांपासून मुक्तता. अशा परीक्षकांचे जेथे एकमत होते, ते अभिरुचीचे प्रमाण. काळाची साक्षही त्याला अनुकूल असते; होमर अथेन्समध्ये वाचला गेला आणि दोन हजार वर्षांनंतर लंडन-पॅरिसमध्येही वाचला गेला. काही मतभेद मात्र ह्यूमने निर्दोष मानले. विसाव्या वर्षी ओविड आवडावा, चाळिशीत होरेस आणि पन्नाशीत कदाचित टॅसिटस, यात कोणाचाच अपराध नाही.

आता त्या नावांकडे वळू. जॉन बनियन हा भांड्यांना डाख देऊन ती दुरुस्त करणारा कारागीर. परवानगीवाचून धर्मोपदेश केल्याबद्दल १६६० पासून सुमारे बारा वर्षे तो बेडफर्डच्या तुरुंगात होता. त्याचे रूपकात्मक यात्रावर्णन १६७८ साली निघाले व घरोघर वाचले गेले. ॲडिसन म्हणजे सुसंस्कृत, घोटीव गद्याचा आदर्श. ह्यूमच्या वर्तुळात हा दर्जा ठरलेलाच होता. १७८५ साली कवी कूपर याने बनियनची स्तुती केली, पण लोक नाक मुरडतील म्हणून त्याचे नाव घेण्याचे टाळले. आज ॲडिसन अभ्यासकांपुरता उरला आहे, तर बनियनचे पुस्तक देशोदेशींच्या भाषांत गेले. मराठीतही हरि केशवजी यांनी १८४१ साली ते ‘यात्रिकक्रमण’ या नावाने आणले. पर्वत आणि ढीग यांची उंची सांगताना ह्यूमचीच नजर चुकली.

यावरून ह्यूमचा सिद्धान्त कोसळला असे अनेकांना वाटते. नीट पाहिले तर उलटेच दिसते. अभिरुची निव्वळ खाजगी असती, तर ह्यूम चुकला असे म्हणताच आले नसते. त्याला बनियन आवडला नाही, एवढेच म्हणता आले असते. शिवाय चूक कोठे झाली हे त्याच्याच कसोट्यांवरून सांगता येते. संवेदना, सराव, तुलना यांत तो उणा नव्हता. कारागिराच्या साध्या भाषेविषयीचा आणि धर्मवेडाविषयीचा त्या काळच्या सुशिक्षितांचा पूर्वग्रह आड आला असावा. त्याच काळातील डॉ. जॉन्सनने मात्र बनियनची मुक्त कंठाने प्रशंसा केली होती.

परंतु एक अडचण उरतेच. पिंपाच्या तळाशी किल्ली होती. काव्याच्या तळाशी कोणती? शब्द, वृत्त, प्रतिमा दाखविता येतात, पण त्यांच्यामुळे काव्य सुंदर झालेच पाहिजे असा नियम कोणी दाखवू शकत नाही. येथे कोनिग्सबर्गच्या इमान्युएल कान्टने १७९० साली निराळा मार्ग धरला. कॅनरी बेटांवरचे मद्य ‘मला’ रुचते असे म्हणणे योग्य आहे. पण एखादी इमारत किंवा कविता ‘माझ्यापुरती सुंदर’ आहे असे म्हणणे हास्यास्पद आहे. सुखद आणि सुंदर यांत हा भेद आहे. सुंदर म्हणताना मनुष्य आपला लोभ, गरज व लाभ बाजूस सारून पाहत असतो. ज्या कल्पनाशक्तीच्या व बुद्धीच्या मेळातून त्याचा आनंद उपजतो, त्या शक्ती सर्व माणसांत सारख्याच आहेत. म्हणून तो इतरांकडून संमती मागतो. सर्व जण होकार देतीलच असे भाकीत तो करीत नाही. त्यांनी द्यावा अशी मागणी करतो.

ही मागणी पुराव्याने वसूल होत नाही. कान्टने एका तरुण कवीचे उदाहरण दिले आहे. आपली कविता सुंदर आहे या मतापासून त्याला ना लोक ढळवू शकतात, ना मित्र. पुढे सरावाने त्याची दृष्टी तीक्ष्ण झाली की तो आपण होऊन ते मत सोडतो. दुसऱ्याने सांगितले म्हणून नव्हे, तर स्वतःला दिसले म्हणून.

ह्यूमच्या परीक्षकाचे कामही मग नव्याने उलगडते. तो निकाल देणारा न्यायाधीश नव्हे. येथे पुन्हा पाहा, असे बोट दाखवून सांगणारा तो सोबती होय. पाहणाऱ्याने आपला लोभ, आपली जात-धंद्याची घमेंड आणि आपल्या वर्तुळाची फॅशन बाजूला ठेवून पुन्हा पाहिले, आणि तरीही त्याला काही दिसले नाही, तर त्याचा नकार प्रामाणिक मानावा लागेल. पण न पाहताच ‘आवड ज्याची त्याची’ म्हणणे हा नकारही नव्हे; ती नुसती पळवाट आहे.