दुसऱ्या पानावरील शोधसंज्ञांची निवड

दुसऱ्या पानावरील शोधसंज्ञांची निवड ही गूगल सर्च कन्सोलमधील इम्प्रेशन आणि सरासरी स्थान या आकड्यांवरून, थोड्या सुधारणेने शोधनिकालांच्या पहिल्या पानावर येऊ शकतील अशा शोधसंज्ञा ओळखण्याची पद्धत आहे. एका पानावर साधारणतः दहा निकाल असल्याने ११ ते २० या सरासरी स्थानांतील संज्ञा वेगळ्या काढून त्या इम्प्रेशनच्या उतरत्या क्रमाने पाहिल्या जातात.

वापरकर्त्याने उघडलेल्या निकालपानावर संकेतस्थळाचा दुवा असल्यास एक इम्प्रेशन मोजले जाते. दुसरे पान फार थोडे लोक उघडतात. त्यामुळे तेथील मोजकी इम्प्रेशनही प्रत्यक्षात बऱ्याच मोठ्या मागणीची खूण असू शकतात.

== सरासरीतील फसगत ==
नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा येथे दत्तजयंतीला यात्रा भरते व तेथील घोडेबाजार प्रसिद्ध आहे. या यात्रेची माहिती देणाऱ्या एखाद्या संकेतस्थळाला ‘सारंगखेडा यात्रा’ या संज्ञेवर ६०० इम्प्रेशन आणि १२.३ सरासरी स्थान मिळाले, असे समजू. वरवर पाहता ही संज्ञा पहिल्या पानाच्या उंबरठ्यावर आहे. परंतु त्यांपैकी ४०० इम्प्रेशन मोबाइलवर चौथ्या स्थानी आणि २०० संगणकावर एकोणतिसाव्या स्थानी असतील, तरीही सरासरी तेवढीच येते. अशा वेळी ही संज्ञा दुसऱ्या पानावर कधी नव्हतीच. म्हणून संज्ञा निवडून Devices, Countries आणि Pages हे विभाग स्वतंत्रपणे तपासावे लागतात. एकाच संज्ञेवर संकेतस्थळाची दोन पाने आलटून पालटून दिसत असल्यास ती एकत्र करणे अनेकदा नव्या मजकुरापेक्षा उपयोगी ठरते.

लोक गावाचे नाव देवनागरीत आणि रोमन लिपीतही टाइप करतात. दोन्ही रूपे एकत्र पाहण्यासाठी क्वेरीच्या गाळणीत Custom (regex) निवडून पुढील नमुना देता येतो:

```
सारंगखेडा|sarangkheda
```

== हंगाम आणि तिथी ==
यात्रेसारख्या विषयात इम्प्रेशन काही आठवड्यांतच वाढतात व ओसरतात. सर्च कन्सोलमध्ये १६ महिन्यांची माहिती राहते, त्यामुळे मागील हंगामाशी तुलना शक्य होते. मात्र ती इंग्रजी तारखेने केल्यास दिशाभूल होते. दत्तजयंती २०२३ मध्ये २६ डिसेंबरला, २०२४ मध्ये १४ डिसेंबरला आणि २०२५ मध्ये ४ डिसेंबरला होती. डिसेंबरचा पहिला पंधरवडा दोन्ही वर्षी सारखाच घेतला, तर २०२४ मध्ये त्यात प्रामुख्याने यात्रेपूर्वीचा शोध येतो, तर २०२५ मध्ये दत्तजयंतीनंतरचाही बराच शोध येतो. तुलनेचा कालखंड तिथीपासून मागेपुढे दिवस मोजून ठरवावा लागतो.

यात्रेच्या तारखा, घोडेबाजाराचे दिवस, पोहोचण्याचा मार्ग यांपैकी लोक शोधतात पण पानावर नाही, असा भाग हंगामाच्या काही आठवडे आधी जोडला जातो. त्यानंतर इम्प्रेशन वाढून सरासरी स्थान घसरले, तर तो अपयशाचा पुरावा नव्हे: पान पूर्वी ज्या संज्ञांवर दिसतच नव्हते, त्यांच्यावर आता दूरच्या स्थानी दिसू लागल्यानेही संपूर्ण पानाची सरासरी खाली येते. खरी तुलना निवडलेल्या त्या एकाच संज्ञेच्या स्थानाशी करावी लागते.