बनावट परवानगी आणि मुक्त संमती

फसवणुकीने झालेला करार मुळातच रद्दबातल, असे विद्यार्थी हमखास लिहितात; भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १९ नुसार तो शून्यकरणीय, म्हणजे फसलेल्याने मोडेपर्यंत टिकणारा असतो. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ बेकायदा इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्यांवर महारेरा नोंदणी मिळवली होती. २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितले. त्या कागदांवर विसंबून सही करणाऱ्या घर घेणाऱ्याची संमती मुक्त कशी म्हणावी? ‘त्याने पालिकेत चौकशी करायची होती’ हा आक्षेप बिल्डरला वाचवत नाही. साध्या दक्षतेचा अपवाद चुकीचे निवेदन आणि फसवे मौन यांच्यापुरताच आहे. खोटा शिक्का पुढे करणे हे मौन नव्हे. करार मोडून पैसे परत मागता येतात, पाडकाम मात्र त्याने थांबत नाही.