मृतकालाचे माप

कारखान्यातील नळीतून वाहणारे पाणी वाफेने तापवावयाचे आणि त्याचे तापमान एका अंकावर स्थिर ठेवावयाचे, एवढेच काम असले तरी ते माणसाच्या हातून सहसा नीट होत नाही. वाफेची झडप थोडी अधिक उघडली, तरी तापमापकाचा काटा काही वेळ हलतच नाही. तापलेले पाणी तापमापकापर्यंत यावयास अवधी लागतो. तेवढ्यात अधीर झालेला माणूस झडप आणखी उघडतो. मग पाणी एकाएकी फार तापते. तो घाईने झडप आवळतो, आणि तोच खेळ उलट्या दिशेने पुन्हा सुरू होतो. न्हाणीघरात गरम आणि थंड पाण्याचे नळ जुळविणाऱ्या कोणालाही हा अनुभव नवा नाही. कृती आणि तिच्या पहिल्या खुणेमधील ह्या मुक्या अवधीला नियंत्रणशास्त्रात मृतकाल म्हणतात. स्वयंचलित नियंत्रकाचा गेल्या शतकातील इतिहास हा बऱ्याच अंशी ह्या मृतकालाचे माप घेण्याचा इतिहास आहे.

१९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील आणि इंग्लंडातील रासायनिक कारखान्यांत हवेच्या दाबावर चालणारे नियंत्रक रुळले होते. हा नियंत्रक मोजलेले तापमान आणि हवे असलेले तापमान ह्यांतील फरक पाहून झडप हलवितो. फरकाच्या प्रमाणात हलविणे ही त्याची पहिली क्रिया. फरक जितका वेळ टिकेल तितकी झडप अधिकाधिक सरकवीत नेणे ही दुसरी; तिला कारखान्यात ‘रीसेट’ म्हणत. तापमान किती वेगाने बदलत आहे हे पाहून आधीच सावध होणे ही तिसरी. प्रत्येक क्रियेसाठी एक खुंटी, आणि खुंटी कोठे ठेवावी हे मात्र कोणी सांगत नसे. यंत्र बसविणारा मनुष्य अंदाजाने खुंट्या फिरवी आणि तापमान डोलावयाचे थांबले की निघून जाई.

मृतकालाचा गणिती विचार त्यापूर्वीच सुरू झालेला होता. १९३६ साली कॅलेंडर, हार्ट्री आणि पोर्टर ह्या तिघांनी नियंत्रण-व्यवस्थेतील कालविलंबावर एक निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’मध्ये प्रसिद्ध केला. पण त्यातील गणित कारखान्याच्या फाटकाच्या आत सहज शिरण्यासारखे नव्हते. ते काम न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील टेलर इन्स्ट्रुमेंट कंपनीच्या जॉन झीग्लर आणि नॅथॅनियल निकल्स ह्या दोघा अभियंत्यांनी केले. त्यांचा निबंध अमेरिकेच्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने १९४२ साली छापला. त्यातील एक पद्धत अशी: नियंत्रक बाजूला ठेवावा, झडप हाताने एका झटक्यात थोडी सरकवावी, आणि तापमान कसे चढते ते कागदावर उतरू द्यावे. ही वक्ररेषा प्रथम सपाट जाते, मग चढू लागते आणि शेवटी नव्या पातळीवर पुन्हा सपाट होते. जेथे चढ सर्वांत तीव्र असेल तेथे पट्टी ठेवून स्पर्शरेषा ओढावी. ती मूळच्या पातळीला जेथे छेदते तेथपर्यंतचा वेळ हा मृतकाल, आणि तिचा चढ हा प्रक्रियेचा वेग. ह्या दोन अंकांवरून खुंट्यांच्या जागा निघतात.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तापमान शेवटी कोठे जाऊन थांबले, ह्याची ह्या कृतीला फारशी गरज नाही. सुरुवातीचा चढ मिळाला की पुरे. पाणी आपोआप एका पातळीवर स्थिरावते ह्या गुणाला नियमात स्थान नव्हते. १९५३ साली त्याच कंपनीतील कोहेन आणि कून ह्यांनी तो गुणही हिशेबात घेतला, आणि दोन अंकांचे तीन झाले. किती टक्के झडप सरकवली असता शेवटी किती अंश फरक पडतो, हा पहिला अंक. त्याला लाभांक म्हणता येईल. मृतकाल हा दुसरा. आणि मृतकाल संपल्यानंतर एकूण बदलाचा ६३.२ टक्के भाग पुरा होण्यास लागणारा वेळ, म्हणजे कालांक, हा तिसरा. खऱ्या प्रक्रियेत अनेक लहानमोठे विलंब एकावर एक बसलेले असतात. त्या सर्वांच्या जागी एक मृतकाल आणि एक कालांक मानावयाचा, हीच ह्या प्रतिमानाची सोय आणि हीच त्याची मर्यादा.

पट्टीने स्पर्शरेषा ओढणे दिसते तितके सोपे नाही. तापमानाची रेघ कापत असेल तर सर्वांत तीव्र चढ कोठे आहे ह्यावर दोन माणसांचे एकमत होत नाही, आणि स्पर्शरेषा जराशी कलली की मृतकाल बराच बदलतो. सेसिल स्मिथ ह्यांच्या १९७२ सालच्या ग्रंथातील रीत म्हणूनच पुढे लोकप्रिय झाली. तीत स्पर्शरेषा नाहीच. तापमान एकूण बदलाच्या २८.३ टक्क्यांवर केव्हा पोचले आणि ६३.२ टक्क्यांवर केव्हा पोचले, एवढे दोन क्षण टिपावयाचे. त्यांतील अंतराची दीडपट म्हणजे कालांक. दुसऱ्या क्षणातून कालांक वजा केला की उरतो तो मृतकाल.

आरंभीचेच पाणी घेऊन हिशेब करता येतो. समजा, झडप ४० टक्के उघडी आहे आणि पाणी ६० अंशांवर स्थिर आहे. झडप ४५ टक्क्यांवर नेली. पाच-सहा मिनिटांनी पाणी ६७.५ अंशांवर स्थिरावले. पाच टक्क्यांना साडेसात अंश, म्हणजे लाभांक टक्क्याला दीड अंश. एकूण बदलाचे २८.३ टक्के म्हणजे सुमारे २.१ अंश, ६२.१ अंश ५० व्या सेकंदाला नोंदले गेले. ६३.२ टक्के म्हणजे सुमारे ४.७ अंश, ६४.७ अंश ९० व्या सेकंदाला आले. अंतर ४० सेकंद, त्याची दीडपट ६०. म्हणून कालांक ६० सेकंद. नव्वदातून साठ गेले, मृतकाल ३० सेकंद.

आता हे अंक १९४२ च्या नियमात घालावेत. प्रक्रियेचा वेग दर टक्क्याला दीड अंश भागिले ६०, म्हणजे सेकंदाला ०.०२५ अंश. त्याला ३० सेकंदांनी गुणले की ०.७५ येतात. पहिल्या दोन क्रियांच्या नियंत्रकासाठी झीग्लर-निकल्स ०.९ ला ह्या संख्येने भागावयास सांगतात, उत्तर १.२. म्हणजे एका अंशाच्या फरकाला झडप १.२ टक्के हलावी. रीसेटचा काळ मृतकालाच्या सव्वातीनपटीहून किंचित अधिक, म्हणजे १०० सेकंद.

हे अंक चुकीचे नाहीत, पण ते कशासाठी काढले हे विसरता कामा नये. प्रत्येक झोका आधीच्या झोक्याच्या पावपट व्हावा, अशी झीग्लर आणि निकल्स ह्यांची चांगल्या नियंत्रणाची कसोटी होती. बाहेरून आलेला धक्का ह्या कसोटीने लवकर ओसरतो खरा, पण तापमान काही वेळ डोलत राहते आणि चूक सोसण्याची ताकद थोडीच उरते. ह्या उदाहरणात लाभांक दुपटीच्या जवळ गेला, किंवा मृतकाल ३० ऐवजी ६५ सेकंदांच्या घरात गेला, की डोलणे थांबण्याऐवजी वाढू लागते. पट्टी चुकून मृतकाल ३० ऐवजी २० सेकंद धरला गेला, तर नियम एका अंशाला १.८ टक्के आणि रीसेटला ६७ सेकंद सांगतो, आणि लाभांक पाचव्या हिश्शाने वाढताच यंत्रणा हाताबाहेर जाते.

नॉर्वेतील सिगुर्ड स्कोगेस्टाड ह्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेला नियम वेगळ्या कसोटीवर उभा आहे. नियंत्रण पुरे झाल्यावर तापमान किती वेगाने जागेवर यावे, ते आधी ठरवावयाचे; आणि मृतकालाहून अधिक घाई करावयाची नाही. ह्या उदाहरणात तो नियम एका अंशाला सुमारे ०.६७ टक्के झडप आणि ६० सेकंदांचा रीसेट सांगतो. त्यात लाभांक तिपटीपर्यंत आणि मृतकाल एकटा बदलला तर ९० सेकंदांपर्यंत वाढूनही यंत्रणा शाबूत राहते. त्याबद्दल मोजावी लागणारी किंमत अशी की धक्का बसला की तापमान थोडे अधिक ढळते.

सूत्रांइतकीच, किंबहुना त्यांहून अधिक, फसवणूक चाचणीत होते. झडपेचा दांडा अडकत असेल तर नियंत्रकाचा हुकूम सुटला तरी झडप काही काळ जागची हलत नाही, आणि तो अडखळण्याचा वेळ मृतकालात जमा होतो. शिवाय झडप हुकुमाप्रमाणे पूर्ण पाच टक्के सरकत नसेल तर लाभांकही खोटा निघतो. चाचणीच्या मध्यात वाफेचा दाब बदलला तर तापमान ज्या पातळीवर स्थिरावले ती झडपेची करामत नसते. ह्या दोन्ही गोष्टी ओळखण्याचा उपाय एकच: झडप पुन्हा ४० टक्क्यांवर आणावी आणि पाणी ६० अंशांवर परत येते का ते पाहावे. ६२ वर थांबले तर अंक फेकून द्यावेत आणि आधी झडप आणि वाफ तपासावी. जाताना आणि येताना लागलेले वेळ फार निराळे आले तरी तेच करावे. तापमान आधी पुरते स्थिर नसताना चाचणी सुरू करणे हाही असाच खोटेपणा. आधीचा चढ नव्या चढात मिसळतो आणि मग कोणतेच सूत्र त्यांना वेगळे करू शकत नाही.

आणि चाचणी कोठे घ्यावी हाही प्रश्न आहे. नळीतून जाणारे पाणी निम्मे झाले तर तेवढीच वाफ निम्म्या पाण्याला मिळते, म्हणून लाभांक साधारण दुप्पट होतो. आणि पाणी नळीतून निम्म्या वेगाने जाते, म्हणून नळीतील मृतकालही दुप्पट होतो. कालांक न बदलता ही दोन्ही एकदम घडली, तर स्कोगेस्टाड ह्यांच्या सौम्य नियमाने लावलेला नियंत्रकही टिकत नाही. भरपूर पाणी वाहत असताना दिवसा लावलेला नियंत्रक रात्री कारखाना मंद चालला की का डोलू लागतो, ह्याचे उत्तर बहुधा येथे असते. म्हणून अशा ठिकाणी चाचणी सर्वांत कमी प्रवाहाला घ्यावी आणि त्याच अंकांवर खुंट्या लावाव्यात. भर प्रवाहात नियंत्रण मग थोडे संथ होते, पण पाणी डोलत नाही.