तिसरी कळ

पेटीवर एका वेळी दहा पट्ट्या दाबा, दहाही सूर वाजतात. कानाला गोड लागेल की नाही ते सोडा, पण वाजतात. प्रत्येक पट्टीखाली तिचं स्वतःचं भोक आणि स्वतःची पितळी जीभ असते, कुणी कुणाच्या अध्यातमध्यात नसतं. संगणकाचा कळफलक दिसायला पेटीच्या भाऊबंदांतला, पण आतला कारभार अगदी वेगळा.

खरं वाटत नसेल तर नोटपॅड उघडा. दोन्ही शिफ्ट दोन्ही करंगळ्यांनी दाबून धरा आणि टायपिंगच्या क्लासातलं ते जुनं वाक्य टंका: THE QUICK BROWN FOX JUMPS OVER THE LAZY DOG. साध्या, स्वस्त कळफलकावर बहुधा मधली काही अक्षरं उमटणारच नाहीत. कळ दाबली गेली, खाली गेली, वर आली, आणि संगणकाला त्याचा पत्ताच नाही. कळ बिघडलेली नसते. कळफलकाने ती जाणूनबुजून गिळलेली असते!

हे का होतं त्याची गोष्ट काटकसरीपासून सुरू होते. १०४ कळांना १०४ वेगळ्या तारा ओढायच्या म्हणजे आतल्या चिपला तितके पाय हवेत. ते महाग. म्हणून नाट्यगृहातल्या खुर्च्यांची युक्ती वापरतात. रांग आणि क्रमांक सांगितला की खुर्ची कळते, तसं ८ आडव्या आणि १६ उभ्या तारांची जाळी केली की १२८ छेद मिळतात. २४ तारांत काम भागलं. प्रत्येक छेदावर एक कळ. चिप एकेका आडव्या तारेत क्षणभर वीज सोडते आणि कोणत्या उभ्या तारेतून ती बाहेर येते ते बघते. सेकंदाला शेकडो वेळा ही फेरी चालू असते.

एक कळ दाबली तर ठीक. दोन दाबल्या तरी ठीक. घोटाळा तिसरीला होतो. समजा पहिल्या रांगेत Q आणि W आहेत, त्यांच्या बरोबर खाली दुसऱ्या रांगेत A आणि S. आता Q, W आणि A अशा तीन कळा एकदम दाबल्या. चिपने दुसऱ्या रांगेत वीज सोडली. ती A मधून पहिल्या उभ्या तारेत आली, हे बरोबरच. पण तिथे वर Q सुद्धा दाबलेली आहे. तर वीज Q मधून उलटी चढून पहिल्या रांगेत शिरली, तिथून W मधून दुसऱ्या उभ्या तारेत उतरली. चिपला दिसतं काय, तर दुसरी रांग आणि दुसरी उभी तार जोडलेली आहेत. म्हणजे S दाबलेली आहे. प्रत्यक्षात S ला कुणी हातही लावलेला नाही. हे भूत. इंग्रजीत घोस्टिंग म्हणतात ते हेच.

चौकोनाचे तीन कोपरे दाबले की चौथा आपोआप दाबल्यासारखा दिसतो, आणि चारांतला खोटा कोण हे ओळखायचा चिपकडे काही मार्ग नाही. तेव्हा कळफलक बनवणाऱ्यांनी सावध पवित्रा घेतला. असा चौकोन दिसला की शेवटी आलेल्या कळेबद्दल गप्प बसायचं. न दाबलेलं अक्षर उमटण्यापेक्षा दाबलेलं न उमटलेलं बरं. म्हणजे आज आपण ज्याला 'घोस्टिंग झालं' म्हणतो ते बहुतेक वेळा भूत नसतंच, भुताच्या भीतीने लावून घेतलेलं दार असतं.

ही भीती सगळ्यांनाच नव्हती. १९८१ सालच्या आयबीएम पीसीबरोबर जो कळफलक आला, जाणकार ज्याला मॉडेल एफ म्हणतात, त्यात कळ दाबल्यावर तारेला तार टेकतच नसे. एक पत्री खाली येऊन विद्युत धारकता बदलायची आणि तेवढं ओळखलं जायचं. विजेला उलटं चढायला वाटच नाही, त्यामुळे कितीही कळा दाबा, सगळ्या पोचणार. पुढे १९८० च्या दशकाच्या मध्यात त्याची जागा मॉडेल एमने घेतली. तोही स्प्रिंगचा, तसाच खणखणीत वाजणारा, आजही लोक जपून ठेवतात. पण आत स्वस्त प्लॅस्टिकचे पापुद्रे आणि त्यांवर छापलेल्या तारा. हमी फक्त दोन कळांची. जुना माल या बाबतीत नव्यापेक्षा सरस होता, आणि त्या वेळी फारसं कुणाचं काही अडलं नाही.

कारण टंकलेखकाला तिसरी कळ लागतेच कुठे? भरभर टंकताना पहिली कळ सुटायच्या आत दुसरी दाबली जाते, बोटं एकावरून दुसरीवर लोळत जातात. रोलओव्हर हा शब्द तिथूनच आला. दोनाची सोय झाली, आणि शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट यांना जाळीत शहाणपणाने दूर बसवलं, की कचेरीचं काम निभावलं.

खेळणाऱ्यांचं निभावेना. एकाच कळफलकावर दोन भावंडं डॉसचे खेळ खेळत, तेव्हा एकाने तीन कळा धरल्या की दुसऱ्याचा गडी जागच्या जागी थिजायचा आणि मग खरी मारामारी खुर्च्यांवर व्हायची. (आमच्या घरातल्यांनी इथे एकमेकांकडे बघू नये.) पुढे १९९६ मध्ये क्वेक आला. १९९७ साली त्याच्या रेड अ‍ॅनिहिलेशन नावाच्या स्पर्धेत 'थ्रेश' या टोपणनावाने खेळणारा डेनिस फाँग जिंकला आणि बक्षीस म्हणून खेळाचा कर्ता जॉन कारमॅकची लाल फेरारी घेऊन गेला. उजव्या हातात माऊस, डावा हात W, A, S, D वर, ही बैठक रूढ होण्यात त्याच्या खेळाचा मोठा वाटा मानतात. आता बघा, W आणि A तिरकं पळायला, अंगठ्याने स्पेस उडी मारायला, करंगळीने शिफ्ट किंवा कंट्रोल. चार कळा एकदम, आणि त्याही सगळ्या एका कोपऱ्यात गोळा झालेल्या. कचेरीसाठी आखलेल्या जाळीने ही गर्दी कधी पाहिलीच नव्हती.

इलाज जुनाच होता आणि सोपा. प्रत्येक कळेजवळ एक डायोड बसवायचा. डायोड विजेला एकाच दिशेने जाऊ देतो. मघाच्या उदाहरणात वीज Q मधून उलटी चढली होती ना? Q जवळ डायोड असेल तर ती तिथेच अडते, S चं भूत उठतच नाही, आणि चिपला गप्प बसायची गरज उरत नाही. पण प्लॅस्टिकच्या पापुद्र्यावर डायोड बसवणं अवघड, त्याला पक्की सर्किटची पाटी हवी. म्हणून स्वस्त 'गेमिंग' कळफलकांनी दुसरी वाट काढली. जाळी तीच ठेवली, फक्त W, A, S, D च्या आसपासच्या कळा एका चौकोनात येणार नाहीत अशा विखरून जोडल्या. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'अँटी-घोस्टिंग' लिहिलेलं असतं ते पुष्कळदा एवढंच. उजवीकडच्या कळांचे हाल पूर्वीसारखेच.

डायोड लावूनही एक अडसर राहिला, तो यूएसबीचा. जुन्या गोल पिनेच्या पीएस/टू जोडणीत प्रत्येक कळ दाबल्याची आणि सोडल्याची वर्दी स्वतंत्र जायची, तिला आकड्याची मर्यादा नव्हती. यूएसबीवर कळफलक ठरावीक साच्याचं पत्र पाठवतो. त्यातला सगळ्यात साधा साचा, जो संगणक सुरू होतानाही समजतो, आठ बाइटचा: एक बाइट शिफ्ट-कंट्रोल मंडळींना, एक राखीव, आणि उरलेल्या सहांत सहा कळा. सातवीला जागाच नाही. मोठा साचा वापरून ही मर्यादा ओलांडता येते आणि चांगले कळफलक तसं करतात. रोग कोणता ते ओळखायची खूण सोपी आहे. ठरावीक जोड्यांत तिसरी कळ हरवत असेल तर दोष जाळीचा. कोणत्याही सहा चालतात आणि सातवी कधीच येत नाही, तर दोष साच्याचा.

आता फर्मवेअर. कळफलकातल्या त्या छोट्या चिपमध्ये राहणारा प्रोग्राम. पूर्वी तो कारखान्यातच कायमचा कोरलेला असे. मग काही हौशी लोकांनी स्वतःचे कळफलक जुळवायला घेतले. 'हासू' या नावाने वावरणाऱ्या जपानी प्रोग्रामरने टीएमके नावाचं मुक्त फर्मवेअर लिहिलं, त्यावरून जॅक हंबर्ट आणि मंडळींनी क्यूएमके उभं केलं. ३२ किलोबाइटच्या चिपवरही ते मावतं. कॅप्सलॉकला कंट्रोल करा, पूर्ण पंजा एक घर उजवीकडे सरकवून E, S, D, F वर न्या, सगळं चिपमध्येच ठरतं. कळफलक दुसऱ्या संगणकाला लावला तरी मांडणी बरोबर जाते. एक मात्र ध्यानात ठेवावं: नाव बदललं तरी तार बदलत नाही. ज्या तीन जागा एका चौकोनात अडकतात त्या फर्मवेअरने कितीही बारशी केली तरी अडकणारच. डायोड नसेल तर काम दुसऱ्या जागेच्या कळेवर हलवणं, एवढाच उपाय.

इथवर फर्मवेअर बोटांचा निरोप पोचवत होतं. पुढे ते निरोपात सुधारणा करू लागलं. काउंटर-स्ट्राइकमध्ये पळताना नेम बसत नाही, थांबावं लागतं. डावीकडे पळत असाल तर A सोडून क्षणभर D दाबायची, म्हणजे गडी चटकन थबकतो. दोन्ही कळा एकाच वेळी दाबल्या गेल्या तर त्या एकमेकींना खोडतात, आणि A सोडायला जरा उशीर झाला तर तेवढा क्षण वाया. हे जमायला माणसं वर्षं घालवतात. क्यूएमकेमध्ये ते इतक्या ओळींत होतं:

```c
static bool a_down, d_down;

bool process_record_user(uint16_t keycode, keyrecord_t *record) {
    if (keycode == KC_A) {
        a_down = record->event.pressed;
        if (d_down) {
            if (a_down) unregister_code(KC_D);
            else        register_code(KC_D);
        }
    }
    return true;
}
```

D साठी हाच मजकूर अदलाबदल करून लिहायचा. अर्थ असा: D धरलेली असताना A दाबली, तर D सोडल्याचं संगणकाला खोटंच सांग, A सुटली की D पुन्हा धरल्याचं सांग. शेवटची कळ जिंकते.

जुलै २०२४ मध्ये रेझर कंपनीने हीच सोय 'स्नॅप टॅप' नावाने तयार कळफलकात दिली, वूटिंगनेही आपली आणली. १९ ऑगस्ट २०२४ ला व्हॉल्व्हने जाहीर केलं की काउंटर-स्ट्राइक २ च्या अधिकृत सर्व्हरवर असली चाल पकडली गेली तर खेळाडूला सामन्यातून बाहेर काढलं जाईल.

माझ्या भाच्याने मला विचारलं, "मामा, यात फसवणूक कुठे आहे? कळ तर मीच दाबतोय." प्रश्न बिनतोड आहे. मी त्याला मघाचा चौकोन काढून दाखवला. डायोड त्याने दाबलेलं सगळं पोचवतो. वरच्या ओळी त्याने न सोडलेली कळ सोडल्याचं सांगतात. जाळीतून उठणारं भूत न दाबलेली कळ दाबल्याचं सांगायचं, हे त्याचंच उलटं भावंड, फक्त या वेळी मुद्दाम बोलावलेलं. डायोडवाला कळफलक मी त्याला खुशाल घे म्हणालो, या ओळी नको. त्याला ते पूर्ण पटलं नाही. त्याचं म्हणणं, महागडा माऊसही हाताला मदतच करतो. ते मलाही खोडता आलं नाही.

शेवटी त्याने तो तुकडा काढून टाकला नाही, वेगळ्या लेयरवर ठेवला. एकट्याने सराव करताना तो थर चालू, सामन्याला बसताना बंद. चालू असला की कॅप्सलॉकचा दिवा लागतो, अशीही सोय त्याने करून घेतली आहे, म्हणजे विसरायला नको.