पेजेची वेळ आणि रात्रीचे जेवण

पेडणे आणि डिचोली या तालुक्यांतील शेतकरी कुटुंबांत न्याहारी या शब्दाला पूर्वी फारसा अर्थ नव्हता. पहाटे उठून माणूस शेताकडे वा बागायतीकडे जाई आणि पहिले खरे खाणे होई ते सकाळी दहा-अकराच्या सुमारास. उकड्या तांदळाची पेज, तिच्याबरोबर आंब्याचे लोणचे किंवा आदल्या दिवसाचे आटवलेले हुमण, एवढाच तो थाट असे. उलट दशावतारी नाटक वा जत्रा असली की खाणे मध्यरात्रीपर्यंत लांबे. आजच्या आरोग्यविषयक उपदेशाच्या कसोटीने पाहिल्यास ही सारी रीत चुकीची ठरते. सकाळी उपाशी आणि रात्री उशिरा भोजन! तरीही त्या पिढीतील कष्टकरी माणूस लठ्ठ नव्हता. याचे कारण घड्याळात शोधावयाचे की ताटात, हा प्रश्न इतिहासाचा आहे तसाच शरीरशास्त्राचाही आहे.

पोर्तुगिजांबरोबर गोव्यात पाव आला आणि कालांतराने पोदेराच्या हाकेबरोबर सकाळचा चहा-पाव घरोघरी रुळला. सकाळचे खाणे चुकवू नये, हा आग्रह मात्र फार पुढचा. अमेरिकेतील बॅटल क्रीक या गावी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केलॉग बंधूंनी मक्याचे पोहे तयार केले. तेथून सकाळच्या खाण्याचे माहात्म्य जाहिरातींच्या वाटेने जगभर पसरले. आपल्याकडील जुनी वहिवाट दोन वेळच्या भोजनाची. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा जैनांचा नियमही आपल्या परिचयाचा आहे. परंतु त्याचा हेतू अहिंसा हा आहे, मेद उतरविणे हा नव्हे.

अन्नाचे माप घेण्याची विद्या याच सुमारास उभी राहिली. जर्मनीत माक्स रुबनर याने एका कुत्र्याला उष्णतामापक पेटीत ठेवून दाखवून दिले की, त्याच्या शरीरातून बाहेर पडणारी उष्णता आणि त्याच्या शरीरात वापरल्या गेलेल्या अन्नातील उष्णता यांचा हिशेब जुळतो. हे वर्ष 1894. पुढे अमेरिकेत अ‍ॅटवॉटर याने खोलीएवढ्या पेटीत माणसांना दिवसचे दिवस ठेवून तोच हिशेब माणसासाठी मांडला. भारतीय अन्नाचे कोष्टक त्यानंतर कुन्नूरच्या प्रयोगशाळेत आयक्रॉइड यांच्या नेतृत्वाखाली तयार झाले व 1937 मध्ये प्रसिद्ध झाले. तीच संस्था 1958 मध्ये हैदराबादला गेली. तिच्या कोष्टकांत शंभर ग्रॅम तांदळाला सुमारे 345 उष्मांक, ओल्या नारळाला सुमारे 444 आणि काजूगराला सुमारे 596 आढळतात. त्यांत पदार्थ किती वाजता खाल्ला याचा रकाना नाही.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, पेडण्याहून पणजीला कचेरीत येणारा एक गृहस्थ आहे. सकाळी दोन पाव व साखरेचा चहा, दुपारी भात, हुमण व तळलेली मासळी, सायंकाळी भजी-पाव व चहा, आणि रात्री आठाला पुन्हा भात, हुमण व भाजी. याचा हिशेब साधारण 2170 उष्मांकांचा होतो. वजन वाढूही नये आणि उतरूही नये, इतकीच त्याची रोजची गरज आहे असे धरू. हाच गृहस्थ सकाळचा पाव सोडतो व बिनसाखरेच्या कोऱ्या चहावर अकरापर्यंत थांबतो. अकराला साठ ग्रॅम तांदळाची पेज घेतो. दुपारचे जेवण तेच, सायंकाळी नुसता चहा, आणि बस चुकल्यामुळे रात्रीचे तेच जेवण साडेदहाला. बेरीज येते 1750. न्याहारी बुडाली, जेवण उशिरा झाले, तरी रोज 420 उष्मांक कमी पडले. एक किलो मेदात सुमारे 7700 उष्मांक साठलेले असतात. म्हणजे कागदावर अठरा-एकोणीस दिवसांत किलोभर मेद जावा. प्रत्यक्षात गती पुढे मंदावते, कारण हलक्या झालेल्या शरीराचा खर्चही कमी होतो.

आता याच गृहस्थाने जेवणानंतर गप्पा मारीत सत्तर ग्रॅम काजूगर खाल्ले असे धरा. त्यांत सुमारे 417 उष्मांक आहेत. म्हणजे दिवसाची सारी बचत संपली. दोष रात्रीवर येईल. पण तेच काजूगर सकाळी अकराला पेजेबरोबर खाल्ले असते तरी बेरीज तीच झाली असती. रात्रीचे खाणे बदनाम झाले ते मुख्यतः या वरकड खाण्यामुळे.

या समजुतीला वजनकाटाही हातभार लावतो. उशिरा जेवलेल्या माणसाचे वजन दुसऱ्या सकाळी अधिक भरते, कारण अन्न अजून आतड्यात असते आणि खारट मासळी वा लोणच्याने शरीरात पाणी राहते. ते वजन मेदाचे नव्हे. खरा कल पाहावयाचा तर रोज सकाळी एकाच अवस्थेत वजन घ्यावे आणि आठवड्याची सरासरी मागील आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहावी. तीन आठवडे सरासरी ढळली नाही, तर हिशेबात काही निसटते आहे असे समजावे. बहुधा ते फोडणीचे तेल, खोबरे किंवा पेयाचा प्याला असतो.

महाराष्ट्रात 2018 च्या सुमारास यावरून मोठा वाद रंगला. डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार पुढे नेणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच जेवा असे सांगत, तर ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या अंतराने खाण्याचा पक्ष मांडीत. दोन्ही मार्गांनी वजन उतरलेली माणसे भेटतात. पहिल्याने मधले फरसाण व गोड चहा सुटला, दुसऱ्याने भुकेच्या भरातील जेवण आवरले. बेरीज मात्र दोन्हीकडे घटली, असाच याचा सरळ अर्थ दिसतो.

प्रयोगांचा कौलही असाच आहे. न्याहारीविषयीच्या तेरा चाचण्यांचा आढावा 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात न्याहारी करणारे दिवसाकाठी सुमारे 260 उष्मांक अधिक खात आणि न सोडणाऱ्यांपेक्षा सोडणाऱ्यांचेच वजन किंचित कमी भरले. अर्थात त्या चाचण्यांचा दर्जा फार उंच नव्हता. अधिक काटेकोर प्रयोग स्कॉटलंडमधील अ‍ॅबरडीन येथे झाला व 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. तीस स्थूल व्यक्तींना चार आठवडे मोठी न्याहारी व लहान रात्रभोजन, आणि चार आठवडे त्याच्या उलट, असे अन्न तयार करून दिले. एकूण उष्मांक सारखेच ठेवले. दोन्ही वेळा वजन सव्वातीन किलोंहून थोडे अधिक उतरले. फरक नगण्य होता. एक भेद मात्र आढळला. सकाळी भरपूर खाल्ले त्या काळात भूक कमी लागली. म्हणून न्याहारी सोडल्यावर ज्याला दुपारी दुप्पट भात लागतो, त्याने ती सोडू नये. वेळेचा प्रभाव पडतो तो असा, भुकेच्या वाटेने.

दोन मर्यादा येथे नोंदविल्या पाहिजेत. मोपा विमानतळावर किंवा तुयेच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्यांची झोप मोडते, आणि त्याचे शरीरावर होणारे इतर परिणाम केवळ उष्मांकांच्या बेरजेत सापडत नाहीत. दुसरी मर्यादा मधुमेहाची. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत गोव्यात मधुमेहाचे प्रमाण 26.4 टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले. रक्तातील साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या वा इन्शुलिन घेणाऱ्याने सकाळचे खाणे परस्पर बंद केले, तर अकराची पेज येण्यापूर्वीच साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. थरथर, घाम व भोवळ ही तिची चिन्हे. अशा रुग्णाने जेवणाची वेळ हलविण्यापूर्वी औषधाची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी लागते.