आकाश निळं कशामुळे: धूळ की हवा? रॅलेंनी अठ्ठावीस वर्षांनी दिलेलं उत्तर

शाळेत आपण सगळ्यांनी एक वाक्य पाठ केलेलं असतं: हवेतले रेणू आणि धूलिकण निळ्या प्रकाशाचं विकिरण जास्त करतात, म्हणून आकाश निळं दिसतं. या वाक्यातला ‘आणि’ फार सोयीचा आहे. निळा रंग नक्की कोण देतं, रेणू की धूळ, हा प्रश्न तो झाकून टाकतो. लॉर्ड रॅले यांनी आपलं प्रसिद्ध सूत्र १८७१ मध्ये मांडलं, पण या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलं ते १८९९ मध्ये. सूत्र हातात असूनही उत्तर का मिळत नव्हतं, आणि शेवटी ते कुठून मिळालं, हे या लेखात बघू.

सुरुवात जॉन टिंडल यांच्या प्रयोगापासून करावी लागते. १८६८-६९ च्या सुमारास लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये टिंडल काचेच्या नळीत काही वाफा भरून त्यांवर प्रखर प्रकाशझोत सोडत होते. प्रकाशामुळे वाफेचं विघटन होऊन अतिसूक्ष्म कण तयार व्हायचे आणि नळीत आधी निळा ढग दिसायचा. हा ढग झोताच्या काटकोनातून पाहिला, तर त्याचा प्रकाश जवळजवळ पूर्ण ध्रुवीकृत असायचा. आकाशाचंही तसंच असतं. सूर्यापासून ९० अंशांवरचं आकाश सर्वांत जास्त ध्रुवीकृत दिसतं. पुढे कण मोठे झाले की नळीतला निळा रंग जाऊन ढग पांढरट व्हायचा. यावरून टिंडल यांचा निष्कर्ष सरळ होता: आकाशातही असेच बारीक कण तरंगत असणार.

१८७१ मध्ये जॉन विल्यम स्ट्रट, म्हणजे पुढचे लॉर्ड रॅले, यांनी या निळ्या रंगाचा नियम काढला. त्यांचा एक युक्तिवाद इतका छोटा आहे की तो इथेच करून बघता येतो. तरंगलांबीपेक्षा खूप लहान असा एक कण घ्या. त्याने विखुरलेल्या तरंगाचा आयाम आणि त्याच्यावर पडलेल्या तरंगाचा आयाम यांचं गुणोत्तर कशावर अवलंबून असेल? कणाचं आकारमान V, कणापासूनचं अंतर r, तरंगलांबी λ, प्रकाशाचा वेग, आणि कण व माध्यम यांच्या घनता, एवढ्याच गोष्टी विचारात येतात. गुणोत्तराला मिती नसते. वेगात काळ येतो, पण बाकी कशातच काळ नाही, त्यामुळे वेग बाद. घनता फक्त एकमेकींच्या गुणोत्तराच्या रूपातच येऊ शकतात. कण लहान असल्यामुळे त्याचे सगळे भाग एकाच तालात हलतात, म्हणून आयाम V च्या प्रमाणात. आणि तरंग सगळीकडे पसरत जातो, म्हणून आयाम r च्या व्यस्त प्रमाणात. आता V/r ची मिती होते लांबीचा वर्ग. ती काढून टाकायला भागायचं कशाने? उरलेली लांबी एकच, ती म्हणजे λ. म्हणून आयाम V/(rλ²) च्या प्रमाणात, आणि तीव्रता त्याच्या वर्गाच्या, म्हणजे 1/λ⁴ च्या प्रमाणात. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशापेक्षा साधारण ४.३ पट जास्त विखुरतो, तो यामुळेच.

युक्तिवाद सुंदर आहे, पण त्यात काय नाही तेही बघा. कण कशाचा आहे, याचा त्यात उल्लेखच नाही! मिठाचा असो, पाण्याचा असो की आणखी कशाचा, लहान असला की 1/λ⁴ येणारच. रॅलेंनी आकाशाच्या रंगाची मोजमापं या नियमाशी ताडून पाहिली आणि ती बऱ्यापैकी जुळली. तरीही कण कोणते हे त्यातून ठरलं नाही. त्या वेळी त्यांना स्वतःला हवेत तरंगणारं साधं मीठ हा एक संभाव्य उमेदवार वाटत होता. थोडक्यात, घातांक जुळणं हा कण लहान असल्याचा पुरावा आहे. तो कणांची ओळख सांगत नाही.

मग रेणूंचा विचार कसा आला? ऑगस्ट १८७३ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी रॅलेंना एक पत्र लिहिलं. त्यात प्रश्न असा होता: एकक आकारमानात N गोल असतील, तर त्या माध्यमाचा अपवर्तनांक किती येईल आणि त्यातून जाणारा प्रकाश किती क्षीण होईल? मॅक्सवेल यांना यातून हवेच्या रेणूंबद्दल माहिती काढायची होती. रॅलेंनी या प्रश्नाला सविस्तर हात घातला तो १८९९ च्या निबंधात.

तो हिशेब आजच्या भाषेत मांडू. रेणूभोवती इलेक्ट्रॉनचा ढग असतो. प्रकाशाचं विद्युतक्षेत्र या ढगाला एका बाजूला ओढतं, मग दुसऱ्या बाजूला. म्हणजे रेणू हा एक इवलासा आंदोलित द्विध्रुव होतो. नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या ढगांची स्वतःची वारंवारता अतिनील भागात खूप वर आहे, त्यामुळे दृश्य प्रकाशाच्या हेलकाव्यांमागे ढग निमूटपणे जातो. द्विध्रुव क्षेत्राच्या प्रमाणात बनतो: p = αE. असा हलणारा प्रभार स्वतः प्रकाश सोडतो आणि त्या प्रकाशाचा आयाम प्रभाराच्या त्वरणावर ठरतो. आंदोलनात त्वरण ω² च्या प्रमाणात असतं, म्हणून तीव्रता ω⁴ च्या, म्हणजेच 1/λ⁴ च्या प्रमाणात. ध्रुवीकरणही इथेच सुटतं. द्विध्रुव आपल्या अक्षाच्या दिशेने प्रकाश सोडत नाही, त्यामुळे सूर्याच्या काटकोनात बघताना आंदोलनाचा एक घटक आपल्यापर्यंत पोहोचतच नाही.

आता खरी गंमत. हेच द्विध्रुव दोन कामं करतात. पुढच्या दिशेने त्यांचा प्रकाश मूळ किरणात मिसळून त्याची गती किंचित मंद करतो. यालाच आपण अपवर्तनांक म्हणतो: n−1 हा Nα च्या प्रमाणात असतो. बाजूला जो प्रकाश जातो, तो Nα² च्या प्रमाणात. α आपल्याला सुटा मोजता येत नसला तरी हरकत नाही. n मोजता येतो, म्हणून α काढून टाकता येतो. उरतं ते हे:

β = 32π³(n−1)² / (3Nλ⁴)

β म्हणजे दर मीटरला किरण किती क्षीण होतो ते. 1/β एवढं अंतर कापल्यावर मूळ प्रकाशाचा 1/e, म्हणजे सुमारे ३७ टक्के भाग उरतो.

इथे क्षणभर थांबा, कारण N छेदात आहे. रेणू जास्त असतील तर विकिरण कमी? हो, पण n−1 ठरलेला असेल तर. तेवढंच अपवर्तन जितक्या जास्त आणि जितक्या लहान दाण्यांत वाटलं जाईल, तितकं बाजूला विखुरणं कमी होतं. हवा पूर्ण सलग असती, म्हणजे N अनंत असता, तर अपवर्तन तसंच राहिलं असतं आणि निळं आकाश नाहीसं झालं असतं. निळा रंग हा हवा दाणेदार असल्याचा परिणाम आहे, आणि किती निळा यात दाणे किती मोठे याचं उत्तर दडलेलं आहे.

रॅलेंनी त्या काळचे आकडे घातले: n−1 = ०.०००३, λ = ६०० नॅनोमीटर, आणि मॅक्सवेल यांच्या अंदाजानुसार दर घन सेंटीमीटरला १.९ × १०¹⁹ रेणू. हे तुम्हीही कॅल्क्युलेटरवर करून बघा, मीटरमध्ये बदलून. 1/β येतं ८३ किलोमीटर. पूर्णपणे स्वच्छ हवाही ८३ किलोमीटरमध्ये प्रकाश ३७ टक्क्यांवर आणते. धूळ नसली तरी आकाश निळंच दिसेल, असं ते ठामपणे म्हणू शकले ते या आकड्याच्या जोरावर.

पण हा आकडा प्रत्यक्षाशी ताडायचा कसा? दार्जिलिंगच्या परिसरातून सुमारे १६० किलोमीटरवरचं एव्हरेस्ट बऱ्यापैकी उजळ दिसतं, याचा उल्लेख रॅलेंनी केला. मोजमापासाठी मात्र त्यांनी ताऱ्यांचा प्रकाश घेतला. डोक्यावरच्या ताऱ्याचा साधारण ८० टक्के प्रकाश वातावरणातून खाली पोहोचतो. सगळं वातावरण दाबून जमिनीवरच्या घनतेचं केलं, तर त्याची जाडी ८.३ किलोमीटर भरते. म्हणजे ८३ किलोमीटर हवेतून ०.८ चा दहावा घात, सुमारे ११ टक्के प्रकाश येईल. सूत्र सांगत होतं ३७ टक्के.

हा मेळ बसला नाही असं वाटेल. पण फरक कोणत्या बाजूला आहे ते बघा. प्रत्यक्ष हवा हिशेबापेक्षा जास्त अपारदर्शक निघाली, आणि तिच्यात धूळ व धुकं असतंच. हिशेब उलटा पडला असता, म्हणजे खरी हवा हिशेबापेक्षा जास्त पारदर्शक निघाली असती, तर रेणूंची कल्पनाच कोसळली असती. याच विसंगतीतून एक सीमाही मिळते. सगळी क्षीणता रेणूंच्याच माथी मारली, तर N येतो सुमारे ८.५ × १०¹⁸. खरं तर रेणूंचा वाटा त्याहून कमीच असणार, म्हणून N याहून मोठाच असला पाहिजे. आजचं मूल्य २.७ × १०¹⁹ आहे. रेणूंच्या अस्तित्वावरच वाद चालू असताना आकाशाकडे बघून त्यांची किमान संख्या ठरवता आली, ही गोष्ट लहान नाही.

एक शंका मात्र उरते. रेणू तरंगलांबीपेक्षा खूप जवळजवळ असतात. मग शेजारच्या रेणूंचे तरंग एकमेकांना खोडून का टाकत नाहीत? रेणू एकसारख्या अंतरावर बसलेले असते, तर बाजूला जाणारा प्रकाश खरोखरच खोडला गेला असता. वायूत मात्र ते कुठेही असतात. अर्धा मायक्रोमीटर बाजूचा घन घेतला, तर त्यात सरासरी ३४ लाख रेणू येतात, पण ही संख्या साधारण १८०० ने वरखाली होत राहते. खोडाखोडीनंतर उरतं ते या चढउतारांमुळे. १९०८ मध्ये स्मोलुखोव्स्की आणि १९१० मध्ये आइन्स्टाइन यांनी घनतेच्या चढउतारांमधून हा विचार मांडला, आणि वायूसाठी उत्तर रॅलेंचंच आलं.

आता आकाशाकडे बघून धूळ किती आणि रेणू किती हे कसं ओळखायचं? सूर्यापासून ९० अंशांवर पोलरॉइड फिरवा. गडद निळं आकाश बरंच काळवंडलं तर रेणूंचा वाटा मोठा. सूर्याभोवतीचं आकाश पांढरट असेल आणि पोलरॉइडने फरक कमी पडत असेल, तर तरंगलांबीच्या जवळपास आकाराचे कण आहेत आणि तिथे 1/λ⁴ चा नियम चालत नाही.

पण अगदी स्वच्छ हवेतही ध्रुवीकरण शंभर टक्के होत नाही. १९१८ मध्ये रॅलेंचे चिरंजीव आर. जे. स्ट्रट यांनी धूळ काढलेल्या हवेचं विकिरण प्रयोगशाळेत पाहिलं, तेव्हाही काटकोनातला प्रकाश पूर्ण ध्रुवीकृत नव्हता. आकाशात याचं एक कारण म्हणजे प्रकाश एकाहून जास्त वेळा विखुरतो. पण नळीतल्या हवेतही हे दिसलं, याचं कारण रेणूंच्या आकारात आहे. नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे रेणू गोल नाहीत, लांबट आहेत, त्यामुळे द्विध्रुव प्रत्येक वेळी क्षेत्राच्या नेमक्या दिशेत बनत नाही. यामुळे वरच्या सूत्रातलं β सुमारे ५ टक्क्यांनी वाढतं. मॅक्सवेल यांच्या प्रश्नात रेणूंच्या जागी गोल होते. ते गोल नाहीत, हेसुद्धा शेवटी याच विखुरलेल्या प्रकाशातून दिसलं.