एका स्लाइडवर चार मुद्दे: कोलंबिया यानाच्या 'त्या' स्लाइडमध्ये नेमकं काय चुकलं?

१ फेब्रुवारी २००३ रोजी नासाचं कोलंबिया हे अवकाशयान पृथ्वीवर परतताना टेक्सासच्या आकाशात फुटलं. कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीरांचा मृत्यू झाला. या दुर्घटनेच्या चौकशी अहवालात तुटलेल्या पंखासोबतच एका पॉवरपॉइंट स्लाइडचीही चिकित्सा करण्यात आली आहे.

एका स्लाइडवर एकच मुद्दा असावा, असं प्रेझेंटेशन शिकवताना सांगितलं जातं. तो का असावा आणि तसं केलं नाही तर काय होतं, हे या स्लाइडवरून समजतं.

आधी काय घडलं होतं?

१६ जानेवारीला कोलंबियाने उड्डाण केलं. साधारण ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधन टाकीवरचा फोमचा एक तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. उड्डाणाच्या व्हिडिओत ही धडक दिसली. यान अवकाशात असतानाच बोइंगच्या अभियंत्यांनी संभाव्य नुकसानीचा अंदाज बांधला आणि तो स्लाइड्सच्या रूपात नासासमोर मांडला.

त्यातली एक स्लाइड पुढे गाजली. माहितीच्या मांडणीचे अभ्यासक आणि येल विद्यापीठातले माजी प्राध्यापक एडवर्ड टफ्टी यांनी तिचं ओळीनओळ विश्लेषण केलं. चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३ च्या आपल्या अहवालात त्याची दखल घेतली.

त्या स्लाइडवर काय होतं?

स्लाइडच्या मथळ्याचा आशय साधारण असा होता: चाचण्यांच्या आढाव्यानुसार, टाइलला भोक पडण्याबाबतचा आपला अंदाज सावध आहे. म्हणजे प्रत्यक्षातलं नुकसान अंदाजापेक्षा कमीच असेल. वाचणाऱ्याला धीर देणारा हा मथळा होता.

त्याखाली बुलेट, उपबुलेट आणि त्यांचेही उपबुलेट होते. त्यातून चार वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या होत्या. पहिली, 'क्रेटर' हे गणिती मॉडेल नुकसान जास्तच दाखवतं. दुसरी, टाइलचं कडक आवरण फोडायला बरीच ऊर्जा लागते, पण तुकडा पुरेसा जड आणि वेगवान असेल तर ते फुटू शकतं. तिसरी, एकदा आवरण फुटलं की आत मोठं नुकसान होऊ शकतं. चौथी, प्रत्यक्ष उड्डाणातली परिस्थिती चाचण्यांच्या कक्षेबाहेर आहे.

या चौथ्या मुद्द्याच्या खाली, अगदी शेवटच्या ओळीत, दोन आकडे होते. चाचणीतल्या तुकड्याचं आकारमान ३ घनइंच, तर टाकीवरून सुटलेल्या भागाचं १९२० घनइंच. म्हणजे फरक ६४० पटींचा.

घरगुती मापात सांगायचं तर चाचणी झाली होती कटिंग चहाच्या ग्लासात मावेल एवढ्या तुकड्यावर. आणि सुटलेला भाग होता ऑफिसात ठेवतात तसल्या २० लिटरच्या पाण्याच्या दीड जारएवढा. ज्या चाचण्यांच्या जोरावर मथळा धीर देत होता, त्या इथे लागूच पडत नव्हत्या, हे सांगणारी ओळ सगळ्यात खाली आणि लहान अक्षरात होती.

चार मुद्दे एकत्र आल्याने काय बिघडलं?

स्लाइडला मथळा एकच असतो. मुद्दे चार असले की मथळ्यात एक जातो आणि बाकीचे तीन त्याच्या हाताखाली येतात. इथे पहिला मुद्दा वर गेला. त्याला खोडून काढणारा चौथा मुद्दा त्याच यादीतला एक तपशील होऊन बसला. घाईत वाचणारा मथळ्यावरून मत बनवतो आणि खालचं सगळं त्याचंच स्पष्टीकरण असेल असं धरून चालतो.

शब्दांचंही तसंच झालं. 'लक्षणीय' या अर्थाचा इंग्रजी शब्द त्या स्लाइडवर पाच वेळा आला होता. कधी तो ऊर्जेला लावला होता, कधी नुकसानीला, तर शेवटी या ६४० पटींच्या फरकाला. आकड्याऐवजी एकच मोघम शब्द सगळीकडे वापरल्यामुळे लहान फरक आणि प्रचंड फरक सारखेच वाटू लागले.

तीच माहिती वेगळी कशी मांडता आली असती?

समजा, हे मुद्दे वेगळे केले. पहिल्या स्लाइडचा मथळा असा असेल: 'सुटलेला तुकडा आपल्या चाचणीतल्या तुकड्याच्या ६४० पट मोठा आहे.' खाली एक लहान चौकोन आणि शेजारी तशाच ६४० चौकोनांची जाळी. बाकी काही नाही. इथे दोन घनांचं चित्र काढलं तर फसगत होते, कारण ६४० पट आकारमानाच्या घनाची बाजू जेमतेम साडेआठ पट दिसते.

दुसऱ्या स्लाइडचा मथळा: 'मॉडेल नुकसान जास्त दाखवतं, हे फक्त लहान तुकड्यांवर तपासलेलं आहे.' तिसऱ्याचा: 'आवरण फुटलं, तर आतलं नुकसान मोठं असू शकतं.' हे तीन मथळे ओळीने वाचले तरी पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो: मग पंखाची अवस्था पाहायची कशी?

ही पद्धत नवी नाही. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाचे मायकल अ‍ॅली ती अभियंत्यांना शिकवतात. मथळ्यात पूर्ण वाक्याचं विधान लिहायचं, ते दोन ओळींपेक्षा लांबवायचं नाही आणि त्याखाली बुलेटऐवजी त्या विधानाचा पुरावा देणारं चित्र किंवा आलेख ठेवायचा.

आपली स्लाइड गर्दीची झाली आहे, हे कसं ओळखायचं?

मथळा वाक्यात लिहून पाहावा. 'चाचण्यांचा आढावा' हा नुसता विषय झाला, त्याखाली काहीही खपतं. 'चाचण्या इथे लागू होत नाहीत' हे विधान आहे. त्याला आधार न देणारी ओळ लगेच उपरी वाटते आणि तिला वेगळी स्लाइड द्यावी लागते.

मग शेवटची ओळ वाचावी. ती मथळ्याला छेद देत असेल, तर बहुतेक तीच खरा मथळा असते. इन्स्टाग्रामच्या कॅरोझेललाही हे लागू होतं, कारण पहिला फोटो पाहून पुढे सरकणाऱ्यापर्यंत तेवढंच वाक्य पोहोचतं.

मग स्लाइडमुळेच यान कोसळलं का?

नाही. फोमच्या धडकेने पंखाच्या पुढच्या कडेला भोक पडलं आणि परतताना त्यातून तप्त वायू आत शिरले, हे कारण होतं. पंखाचे फोटो मिळवण्याची अभियंत्यांची मागणीही पुढे गेली नव्हती. शिवाय धडक बसली ती कड कार्बनच्या पॅनेलची होती, तर ही स्लाइड टाइलबद्दल होती. ती नीट मांडली असती तरी हा प्रश्न उरलाच असता.

एका स्लाइडवर एक मुद्दा ठेवण्यालाही मर्यादा आहे. ज्या दोन आकड्यांची तुलना करायची, ते एकाच स्लाइडवर हवेत. ३ आणि १९२० वेगवेगळ्या स्लाइड्सवर टाकले तर फरक पुन्हा लपतो. आणि टफ्टी यांच्या मते अशा गंभीर तांत्रिक विषयासाठी स्लाइड हे माध्यमच अपुरं आहे, त्यासाठी पूर्ण वाक्यांत लिहिलेला अहवाल हवा. चौकशी मंडळानेही तांत्रिक अहवालांच्या जागी स्लाइड्स वापरण्याच्या नासातल्या सवयीवर टीका केली होती.